पेस्टेल विश्लेषणातल्या या चुका टाळा: सोलापूरच्या टॉवेल निर्यातदाराचा तक्ता

धंद्यावर बाहेरून परिणाम करणाऱ्या गोष्टी मांडणारा पेस्टेलचा तक्ता भरणं सोपं असतं, म्हणूनच तो चुकतो. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर असे सहा रकाने समोर असले की प्रत्येकात चार-पाच ओळी घातल्याशिवाय चैन पडत नाही. मग तीस मुद्द्यांचा तक्ता तयार होतो. त्यातले कुठले चार कारखान्याचं वर्ष ठरवणार, हे मात्र त्यावरून कळत नाही. वस्त्रनिर्यातीत ही चूक महागात पडते, कारण नफ्याचं प्रमाण कमी असतं आणि एका मुद्द्यात तो सगळा वाहून जाऊ शकतो.

उदाहरणासाठी सोलापूरच्या एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना धरू. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. वर्षाची विक्री २० कोटी. त्यातली १२ कोटींची अमेरिकेत, ५ कोटींची युरोपात आणि ३ कोटींची आखातात. विक्रीच्या ५५ टक्के सुतावर जातात. रंगाई, शिलाई, पॅकिंग, मजुरी असा मालाबरोबर वाढणारा-घटणारा खर्च २० टक्के. उरलेल्या २५ टक्क्यांतून पगार, व्याज, घसारा वगैरे ठरलेला खर्च भागवला की हातात ८ टक्के, म्हणजे १ कोटी ६० लाख राहतात. पुढचा प्रत्येक मुद्दा याच हिशेबावर तपासायचा.

घरचं दुखणं बाहेरच्या रकान्यात

तांत्रिक रकान्यात ‘जुने साधे माग’ आणि सामाजिक रकान्यात ‘कुशल कामगार टिकत नाहीत’ असं हमखास लिहिलेलं सापडतं. दोन्ही खरं आहे, पण माग बदलायचे की नाही हे मालक ठरवतो, त्यामुळे तो आतला मुद्दा झाला. त्यामागचा बाहेरचा मुद्दा वेगळा आहे: केंद्राची सुधारित तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना ३१ मार्च २०२२ ला संपली आणि नव्या मागांवर तिच्यातून मिळणारं भांडवली अनुदान बंद झालं. तक्त्यात हे लिहायचं. तसंच ‘पाकिस्तानी टॉवेल स्वस्त पडतो’ ही स्पर्धेची स्थिती आहे, ती उद्योगाच्या विश्लेषणात जाते. पण तो स्वस्त पडण्यामागे आयातशुल्कातला फरक असेल, तर तो फरक पेस्टेलमध्ये येतो.

ओळखायची खूण अशी: उद्या हा कारखाना दुसऱ्या कुणी विकत घेतला तर मुद्दा तसाच राहील का? राहिला तर बाहेरचा, नाहीतर आपला.

एकच घटना तीनदा मोजणं

अमेरिकेचं आयातशुल्क घ्या. राजकीय रकान्यात ‘व्यापारयुद्ध’, आर्थिक रकान्यात ‘अमेरिकेतली मागणी घटली’, कायदेशीर रकान्यात ‘नवे शुल्क आदेश’ असं लिहिलं जातं. घटना एकच, पण तक्त्याला गुण देताना ती तीन वेळा मोजली जाते. उलटही होतं. एका मोठ्या धोक्याचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा मध्यम वाटतो. यातला दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण तो डोळ्यांवर येत नाही.

त्यासाठी रकाना मुळावरून ठरवावा. हा निर्णय कोण मागे घेऊ शकतो? सरकारनं धोरण म्हणून लावलेलं शुल्क सरकारच मागे घेतं, म्हणून ते राजकीय. त्यामुळे घटलेली मागणी हा परिणाम आहे. ती त्याच ओळीत, शेजारच्या ‘परिणाम’ या रकान्यात लिहायची. मात्र अमेरिकेत घरविक्री मंदावल्यामुळे टॉवेल-चादरींची मागणी कमी झाली असेल, तर तो स्वतंत्र आर्थिक मुद्दा आहे, कारण शुल्क उद्या उठलं तरी तो राहणार. दोन मुद्दे खरोखर वेगळे आहेत की नाहीत, हे अशा प्रश्नानं स्पष्ट होतं.

मथळा मोठा, साखळी तुटलेली

युरोपचा कार्बन सीमा कर अनेक वस्त्रनिर्यातदारांच्या पर्यावरणीय रकान्यात पहिल्या ओळीत असतो. पण तो लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांना लागू आहे. टॉवेलला नाही. त्याच्या शेजारी असतो युरोपचा शाश्वत उत्पादनांच्या रचनेचा नवा कायदा. तो जुलै २०२४ पासून अमलात आहे आणि त्याच्या यादीत कापडही आहे. तरी २०२५ च्या कार्ययोजनेत भर तयार कपड्यांवर आहे. म्हणून टॉवेलवाल्यानं तो नजरेखाली ठेवावा, पण त्यासाठी आज भांडवल अडकवू नये.

मुद्दा खरा आहे की नुसता मथळा, हे कळायला साखळी शेवटपर्यंत जोडून पाहावी. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तक्त्यात सहज लिहिलं जातं: ‘कच्चा माल ११ टक्के स्वस्त’. पण आपला कारखाना कापूस घेत नाही, सूत घेतो, आणि ते बहुतेक देशी कापसाचं. शुल्कमाफीमुळे देशी कापूस, समजा, ४ टक्क्यांनी उतरला. सुताच्या किमतीत कापसाचा वाटा सुमारे ६० टक्के धरला आणि गिरणीनं सगळा फायदा पुढे दिला, तर सूत २.४ टक्के स्वस्त झालं. विक्रीत सुताचा वाटा ५५ टक्के, म्हणजे खर्च विक्रीच्या १.३ टक्क्यांनी घटला. वर्षभर असंच राहिलं तर सुमारे २६ लाख. सवलत चार-साडेचार महिन्यांची होती, तेव्हा प्रत्यक्षात १० लाखांच्या आसपास. रक्कम वाईट नाही. पण ‘११ टक्के’ या आकड्यावर भरवसा ठेवून ज्यानं वर्षभराच्या ऑर्डरचा दर खाली उतरवला, त्याचं गणित चुकणारच.

आकड्यानं गुण दिले, पण काय मोजलं?

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करायचा, ही सर्वत्र शिकवली जाणारी रीत. तिच्यात अमेरिकेचं शुल्क ४ गुणिले ५ आणि सुताचा चढउतार ५ गुणिले ४, दोन्हींचे २०. दोन्हींवर करायचे उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. गुणांऐवजी मी तीन प्रश्न विचारतो: रुपयांत किती, स्पर्धकालाही तेवढंच लागतं का, आणि आपल्याला वळायला वेळ मिळतो का.

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा सुटतो, म्हणून त्यावर थांबतो. २०२५ च्या एप्रिलपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अमेरिकेचं १० टक्के अतिरिक्त शुल्क भारतालाही होतं आणि पाकिस्तानलाही. टॉवेल महागला, पण सगळ्यांचाच. ७ ऑगस्टला भारतावर २५ टक्के आणि पाकिस्तानवर १९ टक्के झालं. २७ ऑगस्टला भारताचं ५० टक्क्यांवर गेलं. फरक शून्यावरून ६ आणि तिथून ३१ टक्क्यांवर पोचला. तक्त्यातली ओळ तीच, ‘अमेरिकेचं आयातशुल्क’, पण एप्रिलमध्ये ती ग्राहकाची डोकेदुखी होती आणि ऑगस्टअखेर आपल्या अस्तित्वाचा प्रश्न झाली. हे दर नंतरही बदलत राहिले, म्हणून या ओळीत तारीख आणि फरक दोन्ही लिहिलेच पाहिजेत.

आता रुपये. अमेरिकी खरेदीदारानं १० टक्के सूट मागितली आणि आपण दिली, तर १२ कोटींवर १ कोटी २० लाख गेले. वर्षाच्या नफ्यातला पाऊण हिस्सा संपला. नाही दिली आणि निम्म्या ऑर्डर कराचीकडे वळल्या, तर ६ कोटींची विक्री जाते. इथे बरेचजण ६ कोटींवर ८ टक्के नफा गेला, म्हणजे ४८ लाख, असा हिशेब करतात. तो चुकीचा आहे, कारण पगार आणि व्याज तसेच राहतात. जातात ते २५ टक्के, म्हणजे १ कोटी ५० लाख. सूट दिलेली तुलनेनं स्वस्त पडते, तीही थोडीच. हा हिशेब मांडल्यावरच वाटाघाटीला बसावं. आणि अशा मुद्द्यासमोर कापूस शुल्कमाफीची ओळ किती लहान आहे, हेही त्यातूनच दिसतं.

याच कसोटीतून उलट गोष्टही हाती लागते. पाकिस्तानी टॉवेल युरोपात २०१४ पासून जीएसपी प्लस सवलतीखाली विनाशुल्क जातो. आपल्याला ती सवलत नाही. ही बातमी जुनी आहे, म्हणून तक्त्यांतून गळते. पण फरक दररोज चालू आहे, आणि ५ कोटींची युरोपातली विक्री पुढे का सरकत नाही याचं मोठं कारण तिथे आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातला करार प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख या कारखान्यासाठी कार्बन कराच्या प्रत्येक बातमीपेक्षा महत्त्वाची आहे.

रुपयाचंही तसंच. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या वर गेला, तेव्हा ‘निर्यातदाराची चांदी’ असं सगळीकडे लिहिलं गेलं. ज्यानं डॉलर आधीच्या दरानं पुढच्या महिन्यांसाठी विकून ठेवले होते त्याला त्यातलं काही मिळालं नाही. ज्याचा ग्राहक विनिमयदर पाहून दर पाडून मागतो, त्याला अर्धंच मिळालं.

कायद्याला शक्यता लावू नका

काही मुद्दे होय किंवा नाही असेच असतात. काही अझो रंगांपासून निघणाऱ्या घातक अमाइनसाठी युरोपात किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. माल तिच्यावर गेला तर कंटेनर परत. इथे ‘शक्यता ३’ लिहिण्यात अर्थ नाही. रंग पुरवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक लॉटची प्रयोगशाळेतली चाचणी, एवढंच काम आहे. असे मुद्दे पेस्टेलच्या क्रमवारीतून काढून अनुपालनाच्या यादीत टाकले की क्रमवारी मोकळी होते.

पाण्याचं मात्र क्रमवारीत ठेवावं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पातळीत गेलं होतं. सूतरंगाईला पाणी लागतंच, आणि उजनीतली टंचाई सोलापूरला बसते, पानिपतला किंवा कराचीला नाही. फरकाच्या कसोटीवर हा मुद्दा वर येतो. वेळेच्या कसोटीवर तो सौम्य होतो, कारण ऑक्टोबरमध्येच धरणातला साठा पाहून अंदाज बांधता येतो आणि उन्हाळ्यातली गडद रंगांची कामं आधी उरकता येतात. त्या ओळीसमोर ‘पाणीटंचाई’ एवढंच न लिहिता, साठा कोणत्या टक्क्याखाली गेला की बाहेरून रंगवलेलं सूत मागवायचं, तो आकडा लिहावा. तो आपल्या रंगाईघराच्या रोजच्या पाण्यावरून काढायचा असतो आणि रंगाईघर सांभाळणाऱ्या माणसाला तो बहुधा तोंडपाठ असतो.