स्लीपरचा निसटलेला पट्टा पुन्हा पक्का बसवताना

पट्टा निसटतो तो बहुतेक वेळा अंगठ्याजवळ. आधी तळव्याचं भोक आणि पट्ट्याच्या टोकाचं गोल बटण नीट बघा. बटणाच्या वरची बारीक मान चिरली असेल तर खटपट करू नका, नवा पट्टाच घाला.

मान धड असेल तर बटणाला आणि भोकाला साबणाचं पाणी लावा. तेल नको, ते आत राहतं आणि पट्टा पुन्हा सुटतो. बटण वरून तिरकं दाबा, कडा खाली डोकावली की पकडीने हळू ओढून घ्या.

भोक सैल झालं असेल तर नुसतं बसवून दोन दिवससुद्धा टिकत नाही. माझ्या पावसाळी स्लीपरचं हेच झालं होतं. तेलाच्या रिकाम्या कॅनमधून रुपयाच्या नाण्याएवढी चकती कापली, मधोमध मानेच्या जाडीचं भोक पाडलं आणि कडेपासून भोकापर्यंत एक चीर दिली. बटण खाली ओढून धरलं आणि चकती बाजूने मानेत सरकवली, म्हणजे ती तळवा आणि बटण यांच्यामध्ये बसली. चीर टाचेकडे ठेवा; चालताना मान पुढे ओढली जाते, त्यामुळे चीर पुढे असली तर चकती तिथूनच निसटते.

मानेत सेफ्टी पिन अडकवतात, पण ती फरशी ओरखडते आणि रबरही फाडते.

साबण वाळू द्या. मग पट्टा हाताने जोरात वर ओढा. बटण भोकात शिरायला लागलं, तर चकती थोडी मोठी कापा.