सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग अडकत होतं. चूक तापमानात होती

६० थांब्यांचा सर्वांत छोटा फेरा शोधायचा होता. त्यासाठी सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग वापरलं: फेऱ्यात छोटे बदल करत जायचं, तापमान `T` जास्त असताना फेरा लांबवणारे बदलही अधूनमधून स्वीकारायचे, आणि `T` हळूहळू कमी करत न्यायचं. प्रोग्राम दर वेळी वेगळ्याच सुमार मार्गावर अडकायचा. दोन दिवस मी थांब्यांची अदलाबदल करणारा कोडच तपासत बसलो. तो बरोबर होता. बदल स्वीकारायचा की नाही हे ठरवणारी ओळ ही, यात `d` म्हणजे बदलामुळे फेरा किती लांबला:

```python
if d <= 0 or random.random() < math.exp(-d/T):
```

शेवटी फेरा लांबवणारे किती बदल स्वीकारले जातात ते मोजलं. शून्य! अंतरं मीटरमध्ये होती, वाईट बदलाचा `d` सरासरी ८००, आणि सुरुवातीचं `T` मी १ ठेवलं होतं. म्हणजे शक्यता e चा उणे ८०० वा घात, जवळजवळ शून्यच. चढ चढायची, म्हणजे वाईट बदल घेण्याची, मुभा कागदावरच होती.

मग आधी काही शे यादृच्छिक बदल करून वाईट `d` ची सरासरी काढली. असा बदल सुरुवातीला ८० टक्के वेळा स्वीकारला जावा, म्हणून `T = -800/ln(0.8)`, साधारण ३६००. `T` १०० वर येईपर्यंत हीच शक्यता दहा हजारांत तीनवर येते. प्रत्येक `T` वर काही हजार बदल करून मगच त्याला ०.९९५ ने गुणलं. घाईने थंड केलं की पुन्हा तेच अडकणं.

आता वेगवेगळ्या सुरुवातींचे फेरे जवळपास सारख्याच लांबीचे येतात. सर्वोत्तम फेरा मात्र वेगळा जपून ठेवा, चालू फेरा त्याच्यापासून दूर जाऊ शकतो.