अर्ध्या पाकिटाचा हेअर डाय

केस थोडेच रंगवायचे असतील, तर पावडर डायचे सगळे पाकीट एकदम भिजवू नये. पाणी लागताच रंगाची क्रिया सुरू होते आणि उरलेले काळे पडलेले मिश्रण पुन्हा वापरता येत नाही.

१. कोरड्या चमच्याने लागेल तेवढीच पावडर प्लॅस्टिकच्या वाटीत घ्यावी, धातूच्या नव्हे, आणि थोडे थोडे पाणी घालून न ओघळणारी पेस्ट करावी.
२. उरलेले पाकीट घट्ट दुमडून, कोरड्या बरणीत, मुलांपासून दूर ठेवावे. पावडरीच्या गुठळ्या झाल्यास ती टाकावी.

अनोळखी ब्रँडवर ‘हर्बल’ किंवा ‘काळी मेंदी’ लिहिलेले असले, तरी घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलीनडायअमीन हे ॲलर्जी करू शकणारे रंगाचे रसायन आहे का, हे आवर्जून पाहावे. यादीच नसेल, तर पाकीट घेऊ नये.

दर वेळी ४८ तास आधी कानामागे थोडा डाय लावून चाचणी घ्यावी. खाज किंवा सूज आल्यास तो डाय वापरू नये.