ग्रीक शोकांतिका कशी वाचावी: ‘राजा इडिपस’ समोर ठेवून

शोकांतिकेबद्दल बोलताना तीन गोष्टी हमखास येतात: नायकाची घातक चूक, कथेला मिळणारी उलटी कलाटणी आणि प्रेक्षकाच्या मनावर होणारा परिणाम, म्हणजे कॅथार्सिस. तिन्ही ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मधून आल्या आहेत. पण पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून त्या कळत नाहीत, नाटकात बोट ठेवून शोधाव्या लागतात. त्यासाठी सोफोक्लीजचं ‘राजा इडिपस’ घ्या. ॲरिस्टॉटल स्वतः उदाहरणासाठी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळतो. भाषांतर शक्यतो मूळ ओळींचे क्रमांक देणारं निवडा. मूळ नाटक साधारण १५३० ओळींचं आहे.

आधी गोष्ट माहीत करून घ्या

इथे रहस्य फुटण्याची भीती बाळगू नका. अथेन्सच्या प्रेक्षकाला ही कथा माहीतच होती. थीब्जच्या राजा लायसला भाकीत मिळतं की मुलगा तुला मारेल. तो बाळाच्या घोट्यांना टोचून ते डोंगरावर टाकायला देतो. गुराख्याला दया येते आणि बाळ कॉरिन्थच्या राजाकडे पोचतं. मोठा झाल्यावर इडिपस वाटेत एका म्हाताऱ्याला मारतो, स्फिंक्स या राक्षसीचं कोडं सोडवून थीब्जचा राजा होतो आणि विधवा राणी योकास्टाशी लग्न करतो. म्हातारा होता बाप, राणी आई.

हे सगळं नाटक सुरू होण्याआधीच घडून गेलेलं आहे. रंगमंचावर दिसतो तो फक्त तपास. शहरात साथ पसरली आहे, डेल्फीच्या अपोलो देवळातून कौल आला आहे की लायसच्या खुन्याला हाकला, आणि इडिपस भर सभेत त्या खुन्याला शाप देतो. तुम्हाला सगळं ठाऊक असल्यामुळे ते ऐकताना अंगावर काटा येतो.

चूक शोधताना स्वभाव नाही, निर्णय पाहा

बहुतेक वाचक इथे घसरतात. ‘इडिपस गर्विष्ठ आहे, तापट आहे, म्हणून त्याचा नाश झाला’ हे परीक्षेतलं उत्तर झालं. तो तापट आहे खरा. अंध द्रष्टा टायरेसियसवर तो ओरडतो, मेव्हण्या क्रिऑनवर कटाचा आरोप करतो. पण या दोन्ही भांडणांनी काहीच बिघडत नाही, जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. ॲरिस्टॉटल तर स्पष्ट म्हणतो की असा नायक दुर्गुणामुळे किंवा दुष्टपणामुळे पडत नाही, एखाद्या ‘हमार्तिया’मुळे, म्हणजे चुकीमुळे पडतो. धनुर्धराचा नेम चुकावा तसं काहीतरी.

तर कागद घ्या आणि इडिपसचे निर्णय लिहून काढा. प्रत्येकासमोर लिहा: त्या क्षणी त्याला काय माहीत होतं? मग ७७९ व्या ओळीच्या आसपास तो योकास्टाला आपली जुनी हकीकत सांगतो, तिथे थांबा. कॉरिन्थमध्ये मेजवानीत एक जण दारूच्या नशेत त्याला म्हणाला, तू तुझ्या बापाचा खरा मुलगा नाहीस. आईवडिलांनी ते उडवून लावलं, पण इडिपसच्या मनातून जाईना. तो डेल्फीला गेला. देवाने त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. उलट सांगितलं की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील.

मग त्याने काय केलं? कॉरिन्थला कायमची पाठ फिरवली. माझे आईबाप कोण, या प्रश्नासाठी तो गेला होता, तो अनुत्तरितच राहिला. तरी ते कॉरिन्थमध्येच आहेत असं धरून तो चालू लागला. माझ्या मते त्याची खरी चूक इथे आहे. तिच्यात पाप नाही, उलट आईबापांना वाचवण्याची धडपडच आहे. पुढे तीन रस्ते मिळतात तिथे रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात फटका मारल्यावर त्याने उलट वार केला, तेव्हाही हा आपला बाप असू शकेल ही शंका त्याला शिवली नाही, कारण बाप तर कॉरिन्थमध्ये होता. इथे राग आहेच, पण त्या रागाला पितृहत्या बनवलं ते अज्ञानाने.

चूक बरोबर सापडली का, हे कसं ओळखाल? तिच्यातून शेवटपर्यंत सरळ धागा जात असेल आणि त्या जागी आपणही तेच केलं असतं असं वाटत असेल, तर बरोबर. ‘बरी खोड मोडली’ असं वाटलं, तर पुन्हा शोधा.

कलाटणीवर बोट ठेवा

नुसतं वाईट काही घडणं म्हणजे कलाटणी नव्हे. जे एका हेतूने केलं त्याचा नेमका उलटा परिणाम व्हायला हवा. ९२४ व्या ओळीला कॉरिन्थहून दूत येतो. राजा पॉलिबस वारला, तू आता तिथला राजा, ही बातमी त्याच्याकडे आहे. इडिपस सुटकेचा श्वास टाकतो, बाप आपल्या हातून मेला नाही! तरी आईची भीती उरतेच. दूताला ती घालवायची आहे, म्हणून तो सांगतो: घाबरू नकोस, ते तुझे आईबाप नव्हेतच, मीच तुला डोंगरावर एका गुराख्याकडून घेतलं होतं. दिलासा द्यायला उच्चारलेल्या त्या एका वाक्याने सगळं उलटतं.

पुढच्या पन्नासेक ओळींत योकास्टाकडे लक्ष ठेवा. बोलणं दूत आणि इडिपस यांचं चाललंय, ती गप्प आहे. तिला इडिपसच्या आधी कळलंय. ती विनवते, शोधू नकोस. इडिपसला वाटतं, मी हलक्या कुळातला निघेन म्हणून राणीला लाज वाटतेय. ती आत जाते. मग म्हाताऱ्या गुराख्याला धमकावून सत्य वदवलं जातं आणि इडिपसला स्वतःची ओळख पटते. कलाटणी आणि ओळख इतक्या गुंतून येतात ते सर्वोत्तम, असं ॲरिस्टॉटल म्हणतो ते यासाठीच.

शेवटी स्वतःकडे पाहा

कॅथार्सिसबद्दल ‘पोएटिक्स’च्या व्याख्येत जेमतेम अर्धं वाक्य आहे: करुणा आणि भीती यांच्याद्वारे अशा भावनांचं कॅथार्सिस. खुलासा नाही. ‘पॉलिटिक्स’ या दुसऱ्या ग्रंथात मात्र ॲरिस्टॉटल म्हणतो की उन्मादाने झपाटलेली माणसं विशिष्ट धर्मगीतं ऐकून, जणू औषधोपचार झाल्यासारखी, शांत होतात. याच आधारावर जर्मन अभ्यासक याकोब बेर्नाइस याने १८५७ मध्ये कॅथार्सिसचा वैद्यकीय अर्थ मांडला: साचलेली भावना बाहेर पडते. इतरांच्या मते भावना निघून जात नाही, ती योग्य जागी, योग्य मापात बसते. मागे प्लेटोचा आक्षेपही आहे, की कवी प्रेक्षकाच्या भावनांना खतपाणी घालतात.

वाद बाजूला ठेवून एक करून पाहा. करुणा वाटते ती ज्याच्यावर हकनाक संकट येतं त्याच्याबद्दल, भीती वाटते ती आपल्यासारख्यावर ते आलं की. चूक समजण्याजोगी असेल तरच दोन्ही जमतात. आता पाहा, ओळख पटते ११८५ च्या आसपास, पण नाटक आणखी साडेतीनशे ओळी चालतं. योकास्टाचा गळफास आणि तिच्याच वस्त्राच्या पिनांनी इडिपसने फोडलेले डोळे, हे आपल्याला दिसत नाही, सेवक येऊन सांगतो. मग आंधळा राजा बाहेर येतो, विलाप करतो, लहान मुलींना जवळ घेतो. भीती शिगेला पोचल्यावर करुणेला एवढा अवकाश दिलेला आहे. ही शेवटची पानं घाईत उरकलीत, तर धक्का तेवढा बसेल, कॅथार्सिसपर्यंत जाणार नाही.

हीच मोजपट्टी प्रत्येक नाटकाला लावू नका. नाटककार युरिपिडीजच्या ‘मीडिया’ची नायिका आपल्या मुलांना जाणूनबुजून मारते, तिथे अज्ञानातली चूक शोधणं व्यर्थ. आणि खुद्द ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी ज्या प्रसंगाची वाखाणणी केली आहे तो युरिपिडीजच्याच ‘इफिजेनिया इन टॉरिस’मधला आहे. तिथे बहीण भावाचा बळी देण्याच्या बेतात असते, वेळेवर ओळख पटते आणि दोघंही जिवंत सुटतात.