‘माझ्या पद्धतीने लिहून द्या’, पण नमुना नाही: मग कसे लिहावे?

दुसऱ्यांसाठी पत्र, अर्ज, मनोगत लिहून देणाऱ्यांना हे वाक्य वरचेवर ऐकावे लागते. सांगणाऱ्याचे स्वतःचे लिखाण मात्र हाताशी नसते. अशा वेळी वय, गाव, आडनाव यांवरून त्याची भाषा रचू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एक प्रसंग धरू. यावलच्या एका केळी उत्पादकाला व्यापाऱ्याला चुकाऱ्याची आठवण करून द्यायची आहे. 42 क्विंटल माल 1,450 रुपये भावाने गेला, म्हणजे 60,900 झाले. पैकी 25,000 मिळाले, 35,900 बाकी. खान्देशातला माणूस म्हणून लिहिणारा पत्रात अहिराणी पेरतो आणि वाक्य ‘शे’वर संपवतो. पण यावल-रावेरकडच्या पुष्कळ घरांत लेवा गणबोली बोलतात, तिथे साक्री-शिरपूरकडचा हा ‘शे’ परका वाटतो. शिवाय घरात बोली बोलणारी बरीच माणसे व्यवहाराचे पत्र प्रमाण मराठीतच लिहितात. त्यामुळे बोली आपल्या मनाने घालू नका. सांगणाऱ्याने तसा आग्रह धरला, तर त्याच्याच तोंडचे शब्द घ्या.

आधी नमुना खरेच नाही का, ते पाहा. ‘तुमचे लिखाण द्या’ म्हटले की लोक ‘आम्ही कुठे लिहितो’ म्हणतात. त्याऐवजी ‘या शेठला याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर काय पाठवलं होतं?’ असे विचारा. दोन-तीन जुने मेसेज निघाले तरी पुरे. बोलून पाठवलेला मेसेज असेल तर तोही चालतो.

काहीच निघाले नाही, तर पाच मिनिटे फोनवर बोला. ‘तुमची शैली कशी आहे?’ या प्रश्नाला कोणालाच उत्तर देता येत नाही. ‘शेठ समोर उभे आहेत असं समजा आणि सांगा,’ असे म्हणा, आणि बोलणे शब्दशः टिपून घ्या. समजा उत्तर आले:

‘शेठ, तुमच्या भरवशावर माल दिला ना. बरं, पस्तीस हजार नऊशे राहिलेत. शनिवारपर्यंत टाका. मला फवारणीवाल्याचे द्यायचेत.’

या चार वाक्यांत हवे ते जवळपास सगळे आहे. हाक ‘शेठ’, संबोधन ‘तुम्ही’. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नाही, आधी भरवशाची आठवण. मागणी थेट आहे आणि तिला मुदत आहे. कारण शेवटी, तेही एकच. वाक्ये आखूड. पत्रात हा क्रम जसाच्या तसा ठेवा. ‘ना’, ‘बरं’ मात्र काढा. बोलताना ते कानाला लागत नाहीत, कागदावर मात्र माणूस अडखळतोय असे वाटते.

‘शेठ, तुमच्या भरवशावर 42 क्विंटल माल दिला. भाव 1,450 ठरला होता. 60,900 पैकी 25,000 मिळाले, 35,900 बाकी आहेत. शनिवारपर्यंत खात्यावर टाका. मला फवारणीचे पैसे द्यायचे आहेत.’

इथे ‘आपणास नम्र विनंती की’ घातले तर पत्र गुळगुळीत होईल, पण त्याचे राहणार नाही. त्याने न सांगितलेली जुनी ओळख, म्हण किंवा मुलीच्या लग्नाचा खर्चही घालू नका. उद्या शेठने त्यावरून काही विचारले, तर उत्तर त्याला द्यावे लागेल.

मसुदा त्याला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो थांबतो, किंवा डोळे कागदावर असूनही तोंडातून वेगळा शब्द निघतो, तिथे तुमचा शब्द खोडून त्याचा घाला. ‘चांगलं आहे’ या शेऱ्यापेक्षा ही अडखळ जास्त खरी असते.

बोलणे होणारच नसेल आणि पत्र आजच हवे असेल, तर साधी, सरळ भाषा ठेवा. अंदाज फक्त दोन ठिकाणी करावा लागतो: हाक कोणती, आणि मागणी किती कडक. त्या दोन ओळींचे दोन-दोन पर्याय द्या, जसे ‘शनिवारपर्यंत टाका’ किंवा ‘शनिवारपर्यंत जमवाल का?’ सोबत स्पष्ट कळवा: ‘तुमचं लिखाण पाहायला मिळालं नाही, म्हणून साधं लिहिलं आहे. खूण केलेल्या ओळी तुम्ही निवडा.’ शैली जमली असे भासवून पाठवले, तर तो न बदलताच पुढे धाडतो.

त्याने दुरुस्त करून पाठवलेली प्रत जपून ठेवा. पुढच्या वेळी तीच नमुना होईल, पण फक्त व्यवहाराच्या पत्रांसाठी. नातेवाइकांना पाठवायच्या निमंत्रणासाठी त्याचे बोलणे पुन्हा ऐकावे लागेल.