उलटे फिरणारे चाक आणि सॅम्पलिंगचा सिद्धांत

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी माध्यमाच्या शाळांतून बेळगावला येऊन इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन शाखेत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना मी बराच काळ सिग्नल्सचा विषय शिकवीत आलो आहे. सॅम्पलिंगचा सिद्धांत त्यांना पाठ असतो: सिग्नलमधील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ सिग्नल जसाच्या तसा उभा करता येतो. मात्र दुपटीहून कमी वेगाने नमुने घेतले तर काय होते, असे विचारले की बहुतेक जण ‘माहिती गहाळ होते’ असे उत्तर देतात. हे उत्तर अपुरे आहे. माहिती नुसती गहाळ झाली असती तर त्या जागी काहीच दिसले नसते. प्रत्यक्षात तिथे एक वेगळीच, पूर्णपणे खरी वाटणारी वारंवारता दिसू लागते. एलियासिंग म्हणतात ते यालाच, आणि ते डोळ्यांनी पाहण्यासाठी सायकलचे एक चाक पुरते.

सायकल उलटी करून ठेवावी, मागच्या चाकाच्या धावेजवळ पांढऱ्या चिकटपट्टीचा एकच तुकडा लावावा आणि हाताने पेडल फिरवावे. खूण एकच असणे महत्त्वाचे आहे, कारण आरे सगळे सारखेच दिसतात आणि एक आरा दुसऱ्याच्या जागी आला तरी डोळ्याला फरक कळत नाही. मोबाइल स्टँडवर ठेवून सेकंदाला ३० चित्रे या दराने, भर उन्हात चित्रीकरण करावे. अंधाऱ्या खोलीत काही मोबाइल चित्रांचा दर आपोआप कमी करतात आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकतो. साध्या सायकलीत पेडलच्या एका फेरीला मागचे चाक साधारण अडीच फेऱ्या घेते, त्यामुळे पेडल सेकंदाला दीडपेक्षा थोडे अधिक वेळा फिरवले की चाक सेकंदाला ४ फेऱ्यांच्या आसपास जाते. खात्री करून घ्यायची असेल तर चित्रे एकेक करून पुढे सरकवावीत: १५ चित्रांत बरोबर दोन फेऱ्या पूर्ण होत असतील, तर वेग ४ फेऱ्यांचा आहे.

आता याच चित्रफितीतील दर सहावे चित्र ठेवून बाकीची काढून टाकावीत. संगणकावर `ffmpeg -i chak.mp4 -vf fps=5 chak5.mp4` एवढी आज्ञा त्याला पुरते. नमुन्यांचा दर आता सेकंदाला ५ झाला. दोन चित्रांमधल्या काळात खूण चार पंचमांश फेरी, म्हणजे २८८ अंश पुढे जाते. पण २८८ अंश पुढे गेलेली खूण आणि ७२ अंश मागे आलेली खूण एकाच ठिकाणी असते. चित्रांत याहून अधिक काहीच नोंदलेले नसल्यामुळे पाहणाऱ्याला चाक सेकंदाला १ फेरी या संथ गतीने उलटे फिरताना दिसते. हिशेब 4 − 5 = −1 इतकाच आहे. चाकाचा वेग ५ फेऱ्यांचा असता तर खूण जागच्या जागी थिजलेली दिसली असती, आणि ६ फेऱ्यांचा असता तर ती १ फेरीने सुलट फिरताना दिसली असती. म्हणजे ६ फेऱ्यांचे चाक आणि १ फेरीचे चाक या चित्रफितीत वेगळे ओळखता येत नाहीत.

इथे वर्गात हमखास एक प्रश्न येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे: चाक उलटे फिरू शकते, पण तारेवरचा व्होल्टेज उलटा कसा फिरेल? यासाठी खुणेची फक्त आडवी जागा मोजावी. खूण उजव्या टोकापासून निघाली असेल तर ती जागा कोसाइनप्रमाणे बदलते. सेकंदाला ४ आवर्तनांच्या कोसाइनचे दर पंचमांश सेकंदाला घेतलेले नमुने 1, 0.309, −0.809, −0.809, 0.309 असे येतात, आणि १ आवर्तनाच्या कोसाइनचे नमुनेही अगदी हेच येतात. खुणेची उभी जागा मोजली तर साइन मिळतो. त्यात ४ आवर्तनांचा पहिला नमुना शून्य, दुसरा −0.951 येतो, तर १ आवर्तनाचा दुसरा +0.951 येतो. चाकाचे उलटे फिरणे सिग्नलमध्ये असे कलेच्या चिन्हबदलाच्या रूपाने दिसते. पुस्तकात ऋण वारंवारता म्हणून जी येते, ती म्हणजे हेच उलटे फिरणारे चाक.

सिद्धांतात ‘दुपटीहून अधिक’ असे का म्हटले आहे, ‘दुप्पट’ का नाही, हेही याच मांडणीत कळते. वेग बरोबर अडीच फेऱ्यांचा असेल तर खूण दर चित्रात १८० अंश सरकते. ती पुढून गेली की मागून, हे ठरवायला काहीच आधार नसतो. शिवाय पहिल्या चित्राच्या वेळी ती आडव्या टोकाला असेल, तर उभ्या जागेचे सगळे नमुने शून्य येतात आणि सिग्नल नव्हताच असे वाटते.

आता उपायाकडे वळू. संगणकाला दर सहा चित्रांची सरासरी घेऊन एक चित्र बनवायला सांगावे. १ फेरीच्या वेगाने फिरणाऱ्या खुणेची तीव्रता त्यात सुमारे ९४ टक्के टिकते, तर ४ फेऱ्यांची खूण पसरून जाते आणि तिचा फसवा अंश सुमारे २४ टक्क्यांवर येतो. ही सरासरी म्हणजे एक ओबडधोबड लो-पास फिल्टर आहे. तो उलटे फिरणे फिके करतो, पण पुसत नाही. महत्त्वाचे आहे ते त्याचे स्थान: हा फिल्टर चित्रे गाळण्याच्या आधी लावावा लागतो. गाळून झाल्यावर उरलेल्या चित्रांत खरी १ फेरी आणि खोटी १ फेरी एकमेकींत मिसळलेली असतात, आणि त्यानंतर कितीही उत्तम फिल्टर लावला तरी त्या वेगळ्या करता येत नाहीत. डिजिटल टेलिफोनमध्ये सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, आणि त्याआधीच आवाज सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंत मर्यादित केला जातो. तसे केले नाही तर ५००० हर्ट्झचा घटक ३००० हर्ट्झवर, म्हणजे नेमका बोलण्याच्या पट्ट्यात येऊन बसेल. ३४०० आणि ४००० यांच्यामध्ये सोडलेली जागा वाया गेलेली नसते. कोणताही प्रत्यक्ष फिल्टर एका रेषेवर एकदम बंद होत नाही, त्याला उतरायला तेवढा उतार लागतो.

प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर किंवा स्पेक्ट्रमवर एखादी वारंवारता दिसली आणि ती खरी की फसवी अशी शंका आली, तर नमुन्यांचा दर थोडा बदलून पाहावा. खरी वारंवारता जागची हलत नाही, फसवी सरकते. आपल्याच चित्रफितीतील दर पाचवे चित्र ठेवले तर दर ६ होतो, आणि तेच चाक आता 4 − 6 = −2, म्हणजे सेकंदाला २ फेऱ्यांनी उलटे फिरताना दिसते. दर ५ असताना −1 दिसणारे वेग −1, 4, 9, 14 असे असू शकतात. दर ६ असताना −2 दिसणारे वेग −2, 4, 10, 16 असे असू शकतात. दोन्ही याद्यांत आढळणारा पहिला धन वेग ४ आहे आणि त्यानंतरचा थेट ३४. मूळ ३० चित्रांच्या फितीलाही ४ आणि ३४ यांतला भेद सांगता येत नाही. पण हाताने फिरवलेले सायकलचे चाक सेकंदाला ३४ फेऱ्या घेणार नाही, एवढे मात्र आपल्याला चाकाकडे पाहूनच माहीत असते.