फाईल तुमच्याकडे उघडते, आमच्याकडे नाही: कागद पाठवताना या चुका टाळा

मी फोंड्यात एका वकिलांच्या कचेरीत खरेदीखतांचे मसुदे तयार करते. गेल्या पावसाळ्यात वाळपईहून एका काकांचा सकाळीच फोन आला, "बाय, रात्रीच सगळं पाठवलंय, मिळालं ना?" मिळालं होतं, पण कामाचं काहीच नव्हतं. आधारची फाईल पासवर्ड मागत होती, आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर 83/1 की 88/1, हे कितीही मोठं करून पाहिलं तरी कळत नव्हतं. इथे अंदाजाने लिहिता येत नाही. चुकीचा नंबर नोंदणीपर्यंत गेला तर खतात दुसऱ्याचीच जमीन येते, आणि मग चूकदुरुस्तीचा दस्त करायला सगळ्यांना पुन्हा सब-रजिस्ट्रारकडे यावं लागतं.

आधी कुलपाचं बघू. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड ठरलेला असतो: आधारवरच्या नावाची पहिली चार अक्षरं, इंग्रजी कॅपिटलमध्ये, आणि लगेच जन्मसाल. रमाकांत, जन्म १९६२, तर RAMA1962. नावच तीन अक्षरांचं असेल तर तीनच घ्यायची, उदाहरणार्थ RIA1990. बहुतेकजण इथे लहान अक्षरं टाकतात किंवा पूर्ण जन्मतारीख लिहितात आणि "फाईल खराब आहे" म्हणतात. बँकेच्या स्टेटमेंटचं सूत्र वेगळं असतं, ते ज्या ईमेलमधून स्टेटमेंट आलं त्यातच दिलेलं असतं.

काकांनी पासवर्ड कळवला असता तर मला आधार वाचता आलं असतं. पण कागद नुसता वाचायचा नसतो, पुढे पोर्टलवर चढवायचा असतो, आणि कुलूपबंद फाईल तिथे बहुतेक वेळा अडते. अशा वेळी पाठवणाऱ्यानेच कुलूप काढलेली प्रत द्यावी. कॉम्प्युटरवर फाईल क्रोममध्ये उघडा, पासवर्ड टाका, Ctrl+P दाबा, प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडा आणि नव्या नावाने ठेवा. ही नवी फाईल पासवर्ड मागत नाही. मात्र अशा प्रतीत मूळ फाईलची डिजिटल सही तपासता येत नाही, कारण ती छपाईसारखी नव्याने बनलेली असते. समोरच्याला सही तपासायची असेल तर मूळ फाईलच पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. त्याच मेसेजमध्ये पासवर्ड लिहिला तर कुलूप लावून किल्ली दाराला अडकवल्यासारखं होतं. कुठली प्रत हवी, हे आधी विचारलं तर दोघांचाही हेलपाटा वाचतो.

कुलूप निघत नाही म्हणून काहीजण कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढून पाठवतात. त्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात आणि बारीक अक्षरं त्यांत बुडतात. हे अजिबात करू नका.

उताऱ्याची गोष्ट जास्त फसवी होती. काकांनी मोबाईलच्या स्कॅन अ‍ॅपमध्ये काळा-पांढरा फिल्टर लावला होता, कारण त्याने कागद स्वच्छ दिसतो. हा फिल्टर प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा करतो किंवा पूर्ण पांढरा. झेरॉक्सवर 3 ची उघडी बाजू थोडी करडी असली की ती काळी होऊन बुजते आणि 8 दिसू लागतो, आणि फिकट जांभळा शिक्का नाहीसाच होतो. रंगीत किंवा ग्रे ठेवा. कागद थोडा मळकट दिसला तरी चालतो.

दुसरं म्हणजे रिझोल्यूशन. उताऱ्यातली बारीक अक्षरं साधारण ८ पॉइंटची धरा. १०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात १०० ठिपके असताना, त्यांतला आकडा जेमतेम ८ ठिपके उंच येतो, ३०० डीपीआयला २३ च्या आसपास. आठ ठिपक्यांत 3 आणि 8 मधला फरक एखाद्या ठिपक्यावर येऊन ठेपतो. दुकानात स्कॅन करून घेत असाल तर "ग्रे, ३०० डीपीआय" एवढं सांगा. फाईल फार मोठी झाली तर २०० पर्यंत उतरा, त्याखाली नको. स्कॅन चांगलं असूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की दाबलं जातं, म्हणून Document निवडून पाठवा.

पाठवण्यापूर्वीची एक परीक्षा मी सगळ्यांना सांगते. आकडा आपल्याला पाठ असतो, त्यामुळे डोळा तोच वाचतो. म्हणून ज्याला तो माहीत नाही अशा घरातल्या कुणाला तरी फाईल दाखवा आणि सर्व्हे नंबर मोठ्याने वाचायला सांगा.

काकांनी दुपारी उतारा खिडकीजवळ उजेडात सपाट ठेवला, फिल्टर काढला, नातीकडून आकडा वाचून घेतला आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मोठं करून पाहिलं, तर डावीकडची बाजू स्पष्ट उघडी होती. 83/1.